दारामागे सहाशे

दारं मोजायचा पगार मिळणारा माणूस जगात असतो, हे ऐकून लोक हसायचे. शंकेखोरला त्यात हसण्यासारखं काही वाटेनासं होऊन बरीच वर्षं झाली होती. नगरपालिकेच्या कर विभागात तो एकोणीस वर्षं कारकून होता, आणि त्यातली अकरा वर्षं त्यानं शहरातल्या दुकानांची दारं मोजण्यात घालवली होती. त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण प्रत्येक परिपत्रक वाचून झालं की 'एक शंका आहे' म्हणत हात वर करायची त्याला खोड. त्यामुळे ऑफिसात त्याचं नाव शंकेखोर पडलं आणि हळूहळू घरच्यांनीही तेच उचललं.

दुकानांवरचा कर दारावर होता. दारामागे वर्षाला सहाशे. कधीकाळी हे कुणाला तरी शहाणपणाचं वाटलं असणार. तेव्हा बाजारात एकसारखे गाळे होते, गाळ्याला एक दार होतं. मोठा व्यापारी चार गाळे घ्यायचा आणि चार दारांचे पैसे भरायचा. मोजायला सोपं, भांडायला जागा नाही. पण काळ बदलला, गाळे पाडून दालनं झाली, आणि कर मात्र दाराला धरून बसला. आता तिठ्यावरच्या फर्निचरच्या शोरूमला तीन मजले, तळघर आणि एकच दार. ते दारही काचेचं, माणूस जवळ गेला की आपसूक बाजूला सरकणारं. शोरूमचा मालक वर्षाला सहाशे भरायचा, आणि तेही नोकराच्या हातून.

त्याच्या बरोब्बर समोर शंकेखोरच्या आत्याचं इस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे दहा बाय बाराची एक खोली, पूर्वी कुठल्याशा मालवाहू कंपनीचं पार्सल ऑफिस. माल एकीकडून घ्यायचा, दुसरीकडून काढायचा, म्हणून त्या एवढ्याशा खोलीला चार दारं होती. दोन रस्त्यावर, एक बोळात आणि एक मागच्या चौकात उघडणारं, इतकं बुटकं की आत्यालाही मान खाली घालावी लागे. तेच दार दुकानाचा जीव होतं. दोन इस्त्र्या दिवसभर तापत, फवाऱ्याच्या बाटलीतून कपड्यांवर पाणी उडे, आणि ती सगळी धग त्या बुटक्या दारातून चौकात निघून जाई. समोरून वारा आत यायचा, मागून बाहेर पडायचा. उन्हाळ्यात आत्या त्या दारात पाठ करून उभी राहायची.

आत्या चौसष्ट वर्षांची होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि शंकेखोरला लहानपणी शाळेच्या फीपासून बुटांपर्यंत सगळं तिनंच पुरवलं होतं. तिचा हिशेब रोखठोक होता आणि तोंड त्याहून रोखठोक. डाव्या भिंतीवर तिनं रंगवून घेतलेला दरफलक होता. लहान मुलाचा कपडा तीन, शर्ट पाच, चादर आठ, लांब कोट बारा. फलकाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की दर बदलायचे झाले तर महिनाभर आधी इथेच लिहून कळवण्यात येईल. कुणी कोटवाला कुरकुरला की ती म्हणायची, कोट घालणाऱ्याला कोटाची इस्त्री परवडते, लंगोटवाल्याकडून मी कोटाचे पैसे घेऊ का?

पैसे ती महिन्याच्या पाच तारखेला घ्यायची, कारण गिऱ्हाइकांचे पगार एकला होत. वही ठेवत नव्हती. प्रत्येक घराला एका रंगाचा दोरा ठरलेला, प्रत्येक गठ्ठ्याला तो दोरा बांधायचा, आणि तसाच एक तुकडा खुंटीवर अडकवायचा. महिनाअखेर तुकडे मोजले की झालं. कुणीतरी तिला बिलं फाडायला पोरगी ठेव म्हणून सुचवलं होतं. तिला ठेवायचे पैसे कुठून आणू, शर्ट सहाला करू का, असं म्हणून आत्यानं तो विषय तिथेच संपवला होता.

कर विभागात मात्र वसुलीपायीच पैसा घालवणाऱ्या अशा खर्चांची काही वानवा नव्हती. दारमोजणीला दरवर्षी वीस दिवस चार जोड्या निघत. प्रत्येक जोडीला एक जीप, एक फोटोवाला, आणि दाराला चिकटवायचे छापील क्रमांक. मग हरकती, मग फेरमोजणी, मग फेरमोजणीवर हरकती. शंकेखोरनं एकदा रिकाम्या दुपारी बेरीज मांडली तेव्हा शंभर जमा करायला एक्केचाळीस खर्च होत होते. शेरात जवळजवळ अर्धा शेर सांडणाऱ्या भांड्यातून दूध वाटावं तसला हा कारभार. त्यानं ती बेरीज टिपणीत लिहून वर पाठवली. टिपणी कपाटात गेली. त्याच्या अशा अकरा टिपण्या त्या कपाटात होत्या, आणि कपाटाची किल्ली हरवलेली होती.

दाराची व्याख्या तर दरवर्षी नवी. दोन सालांपूर्वी रस्त्याकडे उघडतं ते दार. आत्याची दोन धरली, बाराशे. गेल्या साली ज्याला आतून कडी लागते ते दार. बोळातलंही आलं, अठराशे. मागच्या बुटक्याला कडी नव्हती, नुसता अडकवायचा आकडा होता, म्हणून ते वाचलं. आणि या साली दहा तारखेला परिपत्रक निघालं की ज्यातून माणूस वाकून का होईना आत जाऊ शकतो ते प्रत्येक उघडणं दार समजावं. पंचवीसला तिठ्यावरची मोजणी, एक तारखेपासून लागू. आत्याची झाली चार, चोवीसशे. म्हणजे चारशे ऐंशी शर्ट.

परिपत्रक त्यानं स्वतः नेऊन तिला वाचून दाखवलं. त्याला वाटलं ती ओरडेल. ती इस्त्री उभी करून ठेवून शांतपणे म्हणाली, "यंदा वाकून. पुढच्या वर्षी काय, रांगत?"

तिनं मग गेल्या सालचे पैसे भरायचे राहिलेत ती रडकथा सांगितली. रडकथा तिची, पण चीड त्याला आली. कर भरायचा तो वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, एकरकमी. नेमका तोच महिना शाळा बंद असल्यामुळे गणवेश नसतात आणि तिच्याकडे काम निम्म्यावर येतं. भरायची खिडकी अकरा ते एक उघडी, त्याच वेळी कपडे न्यायला येणारी माणसं दारात उभी. पहिल्या दिवशी दुकान बंद ठेवून ती गेली तर भरणा घेणारा रजेवर. दुसऱ्या दिवशी तो होता, पण रोख घेत नव्हता. तिसऱ्या दिवशी धनादेश नेला तर मागच्या पावतीची नक्कल हवी होती. पैसे द्यायला तयार असलेल्या माणसाला तीन हेलपाटे. पाच तारखेला तिच्या दारात येऊन मुकाट पैसे ठेवून जाणारी गिऱ्हाइकं तिला माहीत होती. पैसे घेण्यासाठी एवढे आढेवेढे घेणारा माणूस तिनं पाहिला नव्हता.

"मागचं दार बुजवते," ती म्हणाली. "गवंडी अकराशे मागतोय विटांसकट. दोन वर्षांत फिटतील. पण अट एवढीच की दोन वर्षं हा नियम राहिला पाहिजे. नाहीतर अकराशेही गेले आणि वाराही गेला. तू त्या खात्यात आहेस. मला बाकी काही नको, पुढं काय होणार तेवढं सांग."

शंकेखोरला उत्तर माहीत होतं. निदान अर्धं तरी.

झालं असं होतं की दोन महिन्यांपूर्वी कर विभागाला नवे साहेब आले. साहेब तरुण होते आणि त्यांना कपाटं उघडायची हौस होती. शिपायाकडून कुलूप तोडवून त्यांनी जुनी कागदपत्रं काढली तेव्हा शंकेखोरच्या अकरा टिपण्या बाहेर पडल्या. साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, दार सोडून दुसरं काय करता येईल ते सरळ भाषेत सांगा, पुस्तकातली व्याख्या नको. एकोणीस वर्षांत त्याला असं कुणी विचारलं नव्हतं. तो चाचरला, आणि मग एकदम आत्याच्या दुकानाबद्दल बोलू लागला. कोटाला बारा आणि झबल्याला तीन, म्हणजे ज्याला जितकं झेपतं तितकं, आणि दोन सारख्या शर्टांना मात्र एकच दर, तोंड बघून नाही. दर भिंतीवर लिहिलेले, म्हणजे गिऱ्हाईक घरूनच मोजून पैसे आणतं आणि वाद होत नाही. पैसे पगार झाल्यावर, कपडे न्यायला आलेल्या हाती. आणि वसुलीला खर्च किती, तर दोऱ्याचा. साहेब, आपल्याकडे यातलं एकही नाही, असं म्हणून तो थांबला आणि आपण जास्त बोललो की काय या भीतीनं त्याचे कान गरम झाले.

साहेब हसले नाहीत. ते म्हणाले की मग हेच लिहा.

त्यानं लिहिलं. दारं सोडून क्षेत्रफळ धरावं; ते बांधकाम खात्याच्या नोंदीत असतंच, मोजणी, जीप, फोटो सगळं वाचेल. रस्त्याच्या दर्जाप्रमाणे दर. दीडशे चौरस फुटांखालच्या दुकानांना निम्मा. चार हप्ते, आणि ते टपाल कार्यालयात किंवा फोनवरूनही भरता यावेत. दर तीन वर्षांसाठी जाहीर करावेत. यात आत्याला वर्षाला साडेसहाशेच्या आसपास पडत होते आणि शोरूमला अडतीस हजार. क्षेत्रफळ म्हणजे कमाई नव्हे, गवताच्या गोदामाला जागा पुष्कळ लागते आणि पैसा थोडा असतो, हेही त्यानं तळटीपेत लिहिलं आणि गोदामांना वेगळा दर सुचवला. शेवटचं कलम त्यानं सगळ्यात मन लावून लिहिलं होतं: बदल लागू होण्याआधी सहा महिने लोकांना कळवावं, म्हणजे कुणी जुन्या नियमाच्या भरवशावर खर्च करून बसणार नाही.

प्रस्ताव अठ्ठावीस तारखेच्या सभेपुढे जाणार होता. साहेबांनी त्याला बजावलं होतं की सभेपर्यंत याचा एक शब्द बाहेर जाता कामा नये. शोरूमवाल्याच्या कानावर गेलं तर तो त्याच दिवशी नगरसेवकांच्या दारात उभा राहील आणि कागद पुन्हा कपाटात जाईल.

म्हणून आत्यानं विचारलं तेव्हा तो गप्प राहिला. निव्वळ साहेबांच्या शब्दाखातर गप्प राहिला असं म्हणणं खोटं ठरेल. अकरा टिपण्या कपाटात गेलेल्या माणसाचा बाराव्या टिपणीवर विश्वास बसत नाही. हिला थांब म्हणावं, प्रस्ताव बारगळावा, पंचवीसला आपणच तिची चार दारं मोजावीत आणि चोवीसशेचं बिल लावावं, हे चित्र त्याला दिसत होतं. त्यापेक्षा न बोललेलं बरं. न बोलणाऱ्याच्या अंगाला काही चिकटत नाही, असं त्याला त्या क्षणी वाटलं.

"आत्या, सांगता येत नाही," तो म्हणाला.

"तुलाही माहीत नाही?"

त्यानं नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. आत्यानं ती नाही समजली.

वीस तारखेला गवंडी आला. शंकेखोर संध्याकाळी ऑफिसातून येताना थांबला तेव्हा बुटकं दार निम्मं भरलं होतं आणि वरच्या अर्ध्या फटीतून चौकातला उजेड आत येत होता. गवंडी चांगला होता, सांधे नीट भरत होता. शंकेखोरला थांब म्हणायला तोंड उघडायचं होतं, पण काय सांगून थांबवणार? आठ दिवस थांब, असं म्हटलं तर ती का म्हणून विचारेल. ती विचारल्याशिवाय राहणारी बाई नव्हती. त्यानं तिच्याकडून एक गठ्ठा उचलून फळीवर ठेवला, उगाच, आणि घरी गेला. रात्री बायकोनं विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाला.

पंचवीसला दुसरी जोडी आत्याकडे गेली. तीन दारं लिहून आली.

अठ्ठावीसला सभा भरली आणि प्रस्ताव एका दमात मंजूर झाला. शोरूमवाल्याला पत्ता लागला नव्हता. शिवाय पाणीपुरवठ्याच्या कामाला पालिकेला पैसा हवा होता आणि नव्या आकारणीत उत्पन्न दुप्पट दिसत होतं, त्यामुळे विरोध करणारेही गप्प बसले. फक्त शेवटचं कलम कुणीतरी वगळायची सूचना केली. सहा महिने कशाला थांबायचं, चांगलं काम लगेच करावं. साहेबांनी मान डोलावली. अंमल एक तारखेपासून, म्हणजे तीन दिवसांनी.

ऑफिसात पेढ्यांऐवजी चहा झाला. साहेबांनी सगळ्यांसमोर शंकेखोरच्या पाठीवर हात ठेवला आणि हा कायदा याचा आहे म्हणाले. कुणीतरी म्हणालं की आता शंका काढायला काही उरलं नाही. सगळे हसले. शंकेखोरनं साहेबांना हळूच विचारलं की ते कलम का काढू दिलंत. साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले की चारपैकी साडेतीन गोष्टी मिळाल्या, हट्ट धरला असता तर एकही मिळाली नसती. हे चूक होतं असंही म्हणता येत नव्हतं. तेच जास्त त्रासाचं होतं. त्याच्या हातातला चहा निवून गेला आणि त्यानं तो तसाच टेबलावर ठेवला.

नवी आकारणीपत्रकं वाटायला दोन आठवडे लागले. आत्याचं पत्रक त्यानं टपालात टाकलं नाही, खिशात घातलं. तोवर ऊन चढलं होतं. दुकानात पाय ठेवला तर तोंडावर वाफ आली. दोन्ही इस्त्र्या चालू होत्या, समोरच्या दारांतून आलेला वारा मागच्या भिंतीला धडकून तिथेच घुटमळत होता. आत्याचा पदर खांद्यापर्यंत ओला होता. नवा टेबलपंखा घेतला होता, तो तापलेली हवाच इकडून तिकडे ढकलत होता. तिनं सांगितलं की दुपारी बारा ते चार हल्ली बंद ठेवते, परवा चक्कर आली होती, बोळातल्या चांभारानं पाणी मारलं. ती हे गिऱ्हाइकाची तक्रार सांगावी तसं सांगत होती.

त्यानं पत्रक पुढे केलं. तिनं हात पुसले, चष्मा लावला आणि सावकाश वाचलं. एकशे वीस चौरस फूट. वर्षाला सहाशे अठ्ठेचाळीस. एकशे बासष्टचे चार हप्ते, टपालातही घेतले जातील. तीन वर्षं दर हेच. त्याला वाटलं होतं इथे ती हसेल, निदान समोरच्या शोरूमला किती ते विचारेल. तिनं पत्रक उलटं करून मागं काही लिहिलंय का ते बघितलं.

"दारांचं काही नाही यात," ती म्हणाली.

"दारं नाहीतच आता. कितीही असू देत."

"हे चांगलं आहे." तिनं पुन्हा वाचलं. "हे अगदी चांगलं आहे. माझ्या फलकासारखं आहे. कुणी केलं?"

खोटं बोलायची सोय होती. साहेब म्हणता आलं असतं. "मी लिहिलं," तो म्हणाला.

"कधी?"

त्यानं खाली बघितलं. जमिनीवर एका गठ्ठ्याचा निळा दोरा पडला होता. "दोन महिने झाले."

आत्यानं चष्मा काढला. ती भिंतीकडे वळून बघेल असं त्याला वाटलं, पण तिनं बघितलं नाही. तिला बघायची गरज नव्हती, धग पाठीला लागतच होती. ती एवढंच म्हणाली की गवंडी आला त्या दिवशी तू इथं उभा होतास, गठ्ठा उचलून फळीवर ठेवलास. मग तिनं इस्त्री हातात घेतली आणि पुढचा शर्ट पसरला. तो दहा मिनिटं उभा राहिला. ती एक शब्द बोलली नाही. आत्या रागावली की बोलते, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. हे काय होतं ते त्याला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो बांधकाम खात्यात गेला. दार पाडायला किती वेळ लागणार, दोन घाव आणि एक टोपली. पण बुजवायला परवानगी लागत नाही आणि उघडायला लागते. भिंतीत नवं उघडणं पाडणं म्हणजे बांधकामात फेरबदल, त्याला अर्ज, नकाशा, अठराशे शुल्क आणि तपासणी. तो खिडकीवरच्या बाईला म्हणाला की हे नवं नाही, दार तिथं होतंच, महिन्यापूर्वीपर्यंत होतं. ती म्हणाली की मग तसा कर विभागाचा शेरा आणा, जुनं दार असल्याचं आणि ते का बंद केलं त्याचं कारण लिहून. जुनं असलं तर शुल्क माफ आहे आणि तपासणी आठ दिवसांत होते. शेरा देणारा कारकून कोण, हे तिनं सांगायची गरज नव्हती. कर विभागात दारांची नोंदवही त्याच्याच ताब्यात होती.

तो आपल्या टेबलाशी बसला. नोंदवहीत आत्याच्या दुकानाच्या पानावर त्याच्याच हातची नोंद होती, मागील बाजूस बुटके दार, आकडा आहे, कडी नाही. ती त्यानं उतरवून घेतली. मग कारणाचा रकाना आला. 'करवाढ टाळण्यासाठी' असं लिहिता आलं असतं आणि ते खोटंही नव्हतं. तसे शेरे त्यानं आजवर शेकड्यानं दिले होते. त्यानं पेन उघडून बंद केलं, पुन्हा उघडलं. शेजारच्या टेबलावर दोघं जण नव्या आकारणीतल्या हरकतींची गंमत करत होते. शोरूमवाल्यानं सात पानी अर्ज केला होता. शंकेखोरनं पाच ओळी लिहिल्या, नोंदवहीची नक्कल जोडली, सही करून शिक्का मारला आणि अर्ज आत्याच्या सहीसाठी घेऊन बाहेर पडला. साहेबांच्या केबिनवरून जाताना त्याची चाल थोडी मंदावली, पण तो थांबला नाही. हा कागद फिरून त्यांच्या टेबलावर येणारच होता.

दुकानात बाराला पाच मिनिटं कमी होती. आत्या दारं ओढून घेत होती. त्यानं अर्ज फळीवर पसरून कुठं सही करायची ते बोटानं दाखवलं. न वाचता सही करणारी ती बाई नव्हतीच. तिनं चष्मा लावला आणि वरपासून वाचत रकान्यापाशी आली.

तिथं लिहिलं होतं: नियम बदलण्याचा प्रस्ताव तयार होता. दुकानदारबाईंनी कर विभागाच्या कारकुनास पुढे काय होणार असे स्पष्ट विचारले. कारकुनास ते ठाऊक होते. त्याने सांगितले नाही. त्यामुळे त्यांनी स्वखर्चाने दार बुजवले. खाली त्याची सही होती आणि खात्याचा गोल शिक्का.

तिनं ते दोनदा वाचलं. मानेवरचा घाम पुसला. "यानं तुझ्या नोकरीला काही होईल?"

"होईल कदाचित."

पंखा इकडून तिकडे फिरत होता आणि अर्जाचं टोक उचलत होता. आत्यानं टोकावर गार झालेली इस्त्री ठेवली आणि त्याच्या हातातून पेन घेतलं.

"हे तेव्हा तोंडानं सांगितलं असतंस," ती म्हणाली, "तर कागद लागला नसता."

आणि तिनं सही केली.